ग्रूमिंगच्या पोस्टखालचा मजकूर: मसुदा देते, बिनधास्त झोडा

शेपूटवाली
सहा महिन्यांपूर्वी पाळीव प्राण्यांचं छोटंसं ग्रूमिंग सुरू केलं. एक टब, दोन टेबलं, मी आणि एक मदतनीस मुलगा. फोटो बरे येतात, पण त्याखाली काय लिहायचं तिथे माझं घोडं अडतं. सध्याचा मजकूर असा आहे:

"तुमच्या लाडक्याला द्या स्पाचा अनुभव! बेसिक, प्रीमियम आणि रॉयल अशी तीन पॅकेजेस. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७. घाबरट प्राण्यांना आम्ही प्रेमाने हाताळतो. आजच बुक करा!"

गेल्या आठवड्यात याच मजकुरावरून वाद झाला. एका बाईंनी शिह त्झूसाठी रॉयल बुक केलं. स्वभाव विचारला तर म्हणाल्या, "एकदम शांत." अंघोळीपर्यंत ठीक होता. ड्रायर लावला आणि त्याने टेबलावरून उडी घेतली. मुलाने वरच्यावर झेलला म्हणून निभावलं. मी अर्धवट थांबवून टॉवेलने पुसून परत दिला, तर बाई भडकल्या. "प्रेमाने हाताळतो असं लिहिलंय ना? मग हे काय?" खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं असं मला ठामपणे म्हणता येईना. पॅकेजं, वेळा आणि घाबरणारे प्राणी, या तिन्ही गोष्टी नीट कशा लिहू?

उंबरठा
रॉयलमध्ये नक्की काय मिळतं? कुत्र्याला सिंहासनावर बसवून पुसता का?

शेपूटवाली
@उंबरठा, हसू नका. नखं, कान आणि पूर्ण हेअरकट. नावं मदतनिसाने ठेवलीत.

जाहिरातवाला_जय
माझा रोजचा धंदा हाच, म्हणून सांगतो. मजकूर उघडण्याआधी पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं 'आणखी'च्या मागे लपतं. त्यामुळे जे काही विकायचंय ते तिथेच. दुसरं, 'घाबरट' हा शब्द काढा, नकारार्थी आहे. 'शंभर टक्के तणावमुक्त ग्रूमिंग' लिहा. लोक भावना विकत घेतात, तपशील नाही.

कातरकाम
जयभाऊ, पहिल्या दोन ओळींचं पटलं. दुसरं अजिबात नाही. चौदा वर्षं हेच काम करतेय. शंभर टक्के तणावमुक्त असं कुठलंच ग्रूमिंग नसतं. अनोळखी खोली, ओलं अंग, कानाशी घोंघावणारा ड्रायर, पंजा धरून ठेवणारा परका माणूस. बिचाऱ्याने घाबरू नये म्हणजे काय! तुम्ही हे लिहिलंत आणि कुत्रा थरथरला की तिथेच तुम्ही खोटे पडलात. शेपूटवाली, तुमच्या बाबतीतही तेच झालंय. 'प्रेमाने हाताळतो' या वाक्यात तुम्ही काय करणार आणि काय करणार नाही, यातलं काहीच नाही. बाईंनी त्याचा अर्थ 'काहीही झालं तरी काम पुरं करून देतात' असा घेतला, तुम्ही 'त्रास झाला तर थांबतो' असा. वाक्य एकच.

पॅकेजच्या नावांचंही तसंच. बेसिक-प्रीमियम वाचून लॅब्रडॉरवाल्याला काय कळणार? केसांवरून बोला. आखूड केस: अंघोळ, गळणारे केस काढणं, नखं, कान. दुहेरी केसांचे, म्हणजे हस्की, पॉमेरेनियन, गोल्डन: अंघोळ आणि ड्रायरच्या झोताने आतली लव मोकळी करणं, पण मशीन फिरवून भादरणं नाही. सतत वाढणारे केस, म्हणजे शिह त्झू, ल्हासा, पूडल: विंचरणं, अंघोळ, कापणं. आणि प्रत्येकापुढे किती वेळ लागेल ते. माझ्याकडे आखूड केसांच्या छोट्या कुत्र्याला तासभर, शिह त्झूच्या पूर्ण कटिंगला दोन ते अडीच तास. वेळ लिहिली की "अर्ध्या तासात घ्यायला येऊ का" हे फोन निम्म्याने कमी होतात.

मनीमाऊ_आई
माझी मांजर नखं कापूच देत नाही हो. मागच्या वेळी हाताला सात ओरखडे. काय करू? टॉवेलमध्ये गुंडाळायचं का?

उंबरठा
ताई, इथे मजकूर लिहायचाय, नखं कापायची नाहीत.

कातरकाम
असू द्या. मनीमाऊताई, सगळी नखं एका दमात कापायची सक्ती कोणी केलीय? झोपेत असताना दोन कापा, उरलेली उद्या. मानगूट धरून लटकवू नका. आणि हा प्रश्न धाग्याला सोडून नाही. शेपूटवाली, तुमच्याकडे मांजरी येतात का? येत असतील तर मजकुरात त्यांची वेळ वेगळी लिहा. शेजारच्या टेबलावर कुत्रा भुंकत असताना मांजर आणणाऱ्याला तुम्ही कितीही प्रेम दिलंत तरी उपयोग नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली की काम तिथेच बंद, हा माझा नियम.

शेपूटवाली
येतात, महिन्याला चार-पाच. आतापर्यंत मधल्याच वेळात घुसवत होते. चुकलं.

गोट्याचा_बाबा
मी ग्राहकाच्या बाजूने बोलतो. आमचा ल्हासा दीड वर्षाचा असताना एका ठिकाणी नेला होता. परत देताना म्हणाले, "एकदम शहाणा, हूं की चूं केलं नाही." आम्ही खूश. पुढच्या वेळी त्या गल्लीच्या तोंडाशीच चारही पाय रोवून बसला. ओढत नेला तर दारात मुतला. मग 'शांत होता' म्हणजे काय होतं?

कातरकाम
बहुतेक थिजला होता, गोट्याचे बाबा. पाहिलं नाही म्हणून 'बहुतेक' म्हणते. आमच्या धंद्यात सर्वांत फसवा कुत्रा तोच. गुरगुरणारा निदान सांगतो तरी. थिजलेला पुतळ्यासारखा उभा राहतो, शेपूट पोटाशी, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतं, ओठ चाटत राहतो, झोप नसताना जांभया देतो. टेबलावर ओल्या पंजांचे ठसे उमटतात, कारण कुत्र्याला घाम पंजांच्या तळव्यांना येतो. माझी साधी कसोटी म्हणजे खाऊ. एरवी खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा टेबलावर तोच खाऊ तोंडात घेत नसेल, किंवा घेऊन खाली टाकत असेल, तर तो शांत नाही. तेव्हा काम दामटलं तर आज पुरं होतं, पण पुढच्या वेळी तो चावतो. आणि दोष 'अचानक चावला' म्हणून त्याच्यावरच जातो.

गोट्याचा_बाबा
खाऊचं अगदी खरं. त्या दिवशी बिस्किट तसंच्या तसं खिशातून परत आलं होतं, आम्हाला वाटलं पोट भरलंय.

सदा_सर्वदा
एवढं रामायण कशाला? आमच्या ओळखीतले सगळे येण्याआधी घरून झोपेची गोळी देतात. मजकुरात सरळ लिहा, घाबरणाऱ्या प्राण्याला अर्धी गोळी देऊन आणा. तुमचंही काम सोपं, त्याचंही.

पशुवैद्य_नाना
सदाभाऊ, हे वाक्य कृपा करून कुठेही लिहू नका. औषधाने मदत होते हे अर्धं बरोबर आहे, होते कधीकधी. पण औषध कुठलं यावर सगळं आहे. वर्षानुवर्षं वापरात असलेलं एक गुंगीचं औषध शरीर ढिलं करतं, भीती कमी करत नाही. म्हणजे प्राणी आतून तेवढाच घाबरलेला, फक्त हलता येत नाही. आवाजाला तर काही प्राणी उलट जास्त दचकतात. भीतीवर काम करणारी औषधं वेगळी. ती वजन, हृदय आणि वय बघून डॉक्टरने द्यायची, आणि आधी घरी एकदा देऊन परिणाम पाहायचा. पगसारखे चपट्या नाकाचे असतील तर आणखी जपून, त्यांचा श्वास आधीच अरुंद वाटेने चाललेला असतो. शेपूटवाली, तुम्ही एवढंच लिहा की औषध दिलं असेल तर कुठलं आणि किती वाजता ते येताना सांगा. न सांगता गुंगीत आणलेला प्राणी टेबलावर आला तर सर्वांत मोठा धोका तुमच्याकडे.

सदा_सर्वदा
ठीक. मी गोळीचं नाव विचारलंच नव्हतं कधी.

शेपूटवाली
नाना, धन्यवाद. कातरकामताई, त्या शिह त्झूचं सांगते, तुम्हीच सांगा कुठे चुकलं. वय चार. शेवटचं ग्रूमिंग चार महिन्यांपूर्वी. घरी दर आठवड्याला अंघोळ, विंचरणं जवळजवळ नाही. कानामागे आणि पुढच्या पायांच्या खाकेत गुंते होते. मी विचार केला, आधी शाम्पूने मऊ होतील, मग सोडवू.

कातरकाम
तिथेच. गुंता ओला करून वाळवला की तो आवळतो, नमद्यासारखा घट्ट होतो. घरच्या अंघोळींनी तेच झालं होतं, तुमच्या अंघोळीने आणखी एक फेरा दिला. मग ड्रायरचा झोत त्या गुंत्यावर आला की नुसता आवाज नाही, कातडीही ओढली जाते. त्याने उडी मारली ती कदाचित भीतीने नव्हेच, दुखल्यामुळे.

तो परत आला तर मी असं करीन. दिवसाची पहिली वेळ देईन, कारण तेव्हा एकही ड्रायर चालू नसतो आणि कोणी भुंकत नसतं. पहिल्या भेटीत पाणी नाहीच. वीस मिनिटं. टेबलावर रबरी चटई, खाऊ, ब्रशचा नुसता स्पर्श, आणि लोखंडी फणी मुळापासून घालून गुंते कुठे नि किती खोल ते बघणं. फणी कातडीपर्यंत जातच नसेल तर मालकिणीला तिथेच दाखवायचं, की हे सोडवत बसलो तर तास-दीड तास केस ओढणं आहे, त्यापेक्षा आखूड कापू. लोकांना हे आवडत नाही, 'टकला कराल' म्हणतात. पण केस सहा-आठ आठवड्यांत दिसण्याजोगे येतात, भीती तेवढ्यात जात नाही.

दुसऱ्या भेटीत आधी कोरड्यावरच मशीनने गुंते काढायचे. गुंत्याच्या खालून जायचं तर आखूड पातं लागतं आणि ते तापतं, म्हणून दर काही मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. मग अंघोळ. मग टॉवेल, नुसता दाबून, घासून नाही. ड्रायर आधी दूर, दुसऱ्या दिशेला तोंड करून सुरू करायचा. पुढचं नळीचं टोक काढलं की झोत सौम्य होतो. सर्वांत कमी वेगावर मागच्या मांडीपासून सुरुवात, डोक्याकडे सर्वांत शेवटी किंवा जायचंच नाही. कानांवर ताणणारी कापडी पट्टी. चेहरा आणि पंजे तिसऱ्या भेटीला, फक्त कात्रीने.

आणि एक राहिलं. कानावरचा मोठा गुंता काढला की कुत्रा डोकं जोरात झटकत राहतो, आणि त्या झटक्यांनी कानाच्या पाळीत रक्त साठून फुगा येऊ शकतो. कापण्याआधीच मालकिणीला सांगा आणि सही घ्या. नंतर सांगितलं तर तो खुलासा वाटतो.

उंबरठा
टिंगल करायला आलो होतो, आता घरच्या पॉमला फणी घालून बघतोय. मानेखाली अडकतेय. :(

कातरकाम
उंबरठा, त्याला उन्हाळा आहे म्हणून भादरू नका मात्र. दुहेरी केस भादरले की कधीकधी नीट परत येतच नाहीत, टापूटापूने येतात. कानापासून थोडे थोडे केस बाजूला घेऊन विंचरा.

रेवा_क
माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मजकूर कितीही सुंदर लिहिलात तरी लोक "शांत आहे" असंच सांगणार. आपलं लेकरू चावरं आहे असं कोण म्हणेल? मी पाळणाघरात प्रवेशाचं काम बघते, तिथेही हेच चालतं. स्वभाव विचारायचा नसतो, प्रसंग विचारायचा. "नखं कापताना काय करतो? ओला पंजा पुसताना ओढून घेतो का? मिक्सर सुरू झाला की कुठे जातो? याआधी कोणी काम अर्धवट सोडून परत दिलंय का?" याची उत्तरं लोक खरी देतात, कारण त्यांना त्यात बदनामी वाटत नाही.

शेपूटवाली
अगं, हे भारी आहे! त्या बाईंना विचारलं असतं तर त्या नक्की म्हणाल्या असत्या, मिक्सर लावला की पलंगाखाली जातो.

जाहिरातवाला_जय
मान्य, माझा तणावमुक्त मागे घेतो. पण प्रश्नावली मजकुरात घालू नका, वाचून लोक पळतील. मजकुरात एकच प्रश्न ठेवा, सर्वांत बोलका. बाकीचे बुकिंगच्या संदेशात.

गोट्याचा_बाबा
मालकाला आत थांबू देणार की नाही, हेही लिहा. आम्हाला काचेतून बघू दिलं असतं तर थिजलेला कळला असता.

कातरकाम
माझ्याकडे नाही थांबू देत. मालक दिसला की कुत्रा टेबलावरून त्याच्याकडे झेपावतो, आणि हातात कात्री असते.

रेवा_क
आणि आमची पिंकी मी बाहेर गेले की किंचाळते, मी शेजारी बसले की दोन मिनिटांत गप्प. तिच्या ग्रूमरने मला बसू दिलं म्हणूनच ती आज अंघोळ करते.

पशुवैद्य_नाना
दोघी बरोबर. माझ्या दवाखान्यात दोन्ही प्रकारचे येतात. पहिल्या भेटीत बसू द्या आणि बघा.

कातरकाम
नाना, तुमच्या हातात इंजेक्शन असतं, माझ्या हातात धार. मी माझ्या नियमावर ठाम आहे.

शेपूटवाली
रात्री बसून पुन्हा लिहिलं. बघा:

"मिक्सर सुरू झाला की तुमचा कुत्रा कुठे जातो? पलंगाखाली जात असेल तर आम्हाला बुकिंगच्या वेळीच सांगा, त्याला दिवसातली पहिली वेळ देतो.

आखूड केस: अंघोळ, केसगळ काढणं, नखं, कान. साधारण १ तास.
दुहेरी केस: अंघोळ, आतली लव मोकळी करणं, नखं, कान. २ तास. भादरत नाही.
वाढते केस: विंचरणं, अंघोळ, कटिंग, नखं, कान. अडीच तास. गुंते असतील तर आधी दाखवून, तुमच्या संमतीनेच आखूड कापतो.

वेळा: सकाळी १०, दुपारी १ आणि ४. एका वेळी दोनच प्राणी. १० ची वेळ घाबरणाऱ्यांसाठी, तेव्हा एकच प्राणी घेतो. मांजरी फक्त बुधवारी, त्या दिवशी कुत्रे नसतात.

घाबरणाऱ्या प्राण्याची पहिली भेट २० मिनिटांची, अंघोळ नाही. खाऊ घेणं बंद झालं की आम्ही थांबतो, काम अर्धं राहिलं तरी. टेबलावर एकटं सोडत नाही. गुंगीचं औषध देत नाही, डॉक्टरांनी दिलं असेल तर नाव आणि वेळ सांगा."

जाहिरातवाला_जय
पहिली ओळ झकास. माझ्या पगाराला धोका आहे. 'कुत्रा'ऐवजी 'प्राणी' केलं तर मांजरवालेही थांबतील, पण मग मिक्सरचा विनोद जातो. राहू द्या.

मनीमाऊ_आई
बुधवारची वेळ मला पाहिजे.

कातरकाम
चांगलं झालंय. दोन दुरुस्त्या. 'खाऊ घेणं बंद झालं की थांबतो' हे जसंच्या तसं लिहू नका. काही कुत्रे परक्याच्या हातून खातच नाहीत, काहींना तुम्हीच रिकाम्या पोटी आणायला सांगाल. 'त्रासाची चिन्हं दिसली की थांबतो' एवढं पुरे, चिन्हं तुम्ही ओळखायची. आणि मुसक्याबद्दल एक ओळ टाका. लागलं तर जाळीचं घालतो, ज्यात त्याला धापा टाकता येतात. तोंड आवळणारं कापडी मुसकं ड्रायरखाली घालायचं नाही, कुत्रा तापला की त्याला जीभ बाहेर काढता आली पाहिजे.

गोट्याचा_बाबा
अर्धं काम राहिलं तर पैसे पूर्ण घेणार का? ग्राहक पहिलं हेच विचारेल.

शेपूटवाली
हेच सुटत नाहीये. पूर्ण घेतले तर लोक म्हणणार मुद्दाम थांबवलं. अर्धे घेतले तर माझी अख्खी सकाळ एका प्राण्यावर गेलेली असते.

कातरकाम
मी वेळेचे घेते, कामाचे नाही. पण हे जमायला गिऱ्हाईक जुनं लागतं.

रेवा_क
मला २० मिनिटांच्या भेटीचे वेगळे आणि नंतरचे वेगळे असं आवडेल. पहिल्या भेटीतच कळतं की पुढे किती भेटी लागतील.

सदा_सर्वदा
ती भेट फुकट ठेवा, लोक येतील.

शेपूटवाली
फुकट ठेवली की लोक सांगून येत नाहीत आणि १० ची वेळ रिकामी जाते, सदादादा. अनुभव आहे. सध्या रेवाचं करून बघते. मुसक्याची ओळ टाकली, खाऊची बदलली. त्या शिह त्झूच्या बाईंना आधी हा मजकूर पाठवला, मग माफीचा संदेश. निळी खूण आलीय, उत्तर नाही.

उंबरठा
पॉमच्या मानेखालचा गुंता निघाला. आतून गळपट्ट्याची पिन निघाली.